चालू खतावणीत दुरुस्तीसाठी वेळ हवाय: फायनान्स हेडला मेल कसा लिहावा

सिस्टीम तीन तास बंद ठेवायची परवानगी मागताना आपण आयटीवाले सहसा सर्व्हरबद्दल लिहितो. बॅकअप घेतला आहे, स्क्रिप्ट तयार आहे, टेस्टिंग झालं आहे, असं. फायनान्स हेड मात्र तो मेल वाचताना वेगळाच प्रश्न घेऊन बसलेली असते: मी आजवर कुणाला दिलेला कुठला आकडा यामुळे बदलणार आहे? जीएसटीच्या रिटर्नमध्ये गेलेला, बँकेला कळवलेला, मालकांना सांगितलेला, ऑडिटरला दाखवलेला. या प्रश्नाचं उत्तर मेलमध्ये नसेल, तर बाकी सगळं बरोबर असूनही परवानगी अडते, आणि ती अडणं योग्यच आहे.

हा मेल कसा तयार होतो ते एका खऱ्या कामावरून टप्प्याटप्प्याने सांगतो. काम सप्टेंबर 2025 मधलं. कंपनी बांधकाम साहित्याची, मुख्य ऑफिस नागपुरात वर्धमाननगरला, गोदाम वाडीला, शाखा चंद्रपूरला. दोन्हीकडचा धंदा एकाच जीएसटी नंबरावर चालतो. ईआरपी आमच्याच सर्व्हरवर, खाली पोस्टग्रेस डेटाबेस.

काय बिघडलं होतं

बँकेच्या स्टेटमेंटवरून जमा पावत्या आपोआप बनवणारी एक इम्पोर्ट आमच्याकडे रोज सकाळी चालते. बँकेच्या नॅरेशनचा, म्हणजे स्टेटमेंटवर प्रत्येक व्यवहारापुढे येणाऱ्या मजकुराचा साचा बदलला, म्हणून 29 ऑगस्टच्या रात्री तिची सेटिंग बदलली. नव्या सेटिंगमध्ये बिल नंबरातले फक्त शेवटचे पाच आकडे वाचले जात होते. नागपूरचं बिल `NGP/2526/01047` आणि चंद्रपूरचं `CHD/2526/01047`, दोन्ही तिच्या लेखी एकच. त्यामुळे नागपूरच्या पार्टीने भरलेले पैसे चंद्रपूरच्या भलत्याच पार्टीच्या बिलावर चढले, आणि काही ठिकाणी याच्या उलट झालं. रक्कम बिलापेक्षा जास्त असली की उरलेले पैसे त्याच चुकीच्या पार्टीच्या नावावर ऑन अकाउंट, म्हणजे कुठल्याच बिलाला न लागता, पडून राहिले.

9 सप्टेंबरला चंद्रपूरच्या एका ठेकेदाराचा ट्रक क्रेडिट लिमिट ओलांडल्याचं कारण दाखवून सिस्टीमने अडवला. त्याने 1,18,000 रुपये भरल्याचा पुरावा व्हॉट्सॲपवर टाकला, तेव्हा प्रकार उघडकीला आला. सेटिंग त्याच दिवशी सुधारली. मागच्या अकरा दिवसांच्या नोंदी मात्र तशाच राहिल्या होत्या.

आधी ठरवा, मागच्या दाराने जायचं की पुढच्या

मेल लिहायला बसण्याआधीचं हे काम आहे, आणि बहुतेक जण ते गाळतात. हीच दुरुस्ती ईआरपीच्या नेहमीच्या स्क्रीनवरून होऊ शकते का? पावती रद्द करून नव्याने टाकणं, किंवा जर्नल नोंद करून रक्कम एका पार्टीवरून दुसरीवर नेणं, हा पुढचा दरवाजा. डेटाबेसमध्ये थेट बदल करणं हा मागचा.

माझं मत स्पष्ट आहे. पंचवीस-तीस नोंदी असतील तर पुढच्या दारानेच जावं, दोन दिवस लागले तरी चालेल. त्यात प्रत्येक बदलावर माणसाचं नाव आणि वेळ आपोआप लागते, आणि सिस्टीम बंद करावी लागत नाही. कंपनी असेल तर हे कायद्याच्याही अंगाचं आहे. कंपनी लेखा नियम 2014 च्या नियम 3(1) मध्ये जोडलेल्या तरतुदीप्रमाणे 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा एडिट लॉग असावा लागतो आणि तो बंद करता येता कामा नये. तो वर्षभर चालू होता का, यावर ऑडिटरला आपल्या अहवालात लिहावं लागतं. डेटाबेसमधून केलेला बदल ईआरपीच्या लॉगला दिसतच नाही. तो लॉग तुम्हाला वेगळा सांभाळावा लागतो, आणि कसा सांभाळणार हे मेलमध्ये लिहावं लागतं.

आमच्याकडे पावत्या निघाल्या 186. एक रद्द करून पुन्हा टाकायला पाच मिनिटं धरली तरी साडेपंधरा तास. शिवाय रद्द केलेल्या प्रत्येक पावतीचं बँक रिकन्सिलिएशन उघडतं आणि पावतीचा नंबर बदलतो. पार्टीकडे जुन्या नंबराची पावती पोचलेली असताना तो बदलणं म्हणजे पुढच्या भांडणाची तयारी. म्हणून मागचं दार निवडलं. पण दोन्ही पर्याय तासांसकट मेलमध्ये मांडले. ते न मांडता थेट स्क्रिप्टची परवानगी मागितली असती, तर पहिला उलट प्रश्न हाच आला असता.

कुठले आकडे हलणार, हे स्वतः शोधून काढा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवावा. माझ्या पहिल्या कच्च्या मेलमध्ये वाक्य होतं, ‘ट्रायल बॅलन्सवर कोणताही परिणाम नाही.’ पाठवण्याआधी अकाउंट्समधल्या एका जुन्या सहकाऱ्याला वाचायला दिलं. त्याने एकच विचारलं, ‘एकत्रित की शाखावार?’ त्या एका प्रश्नाने मेल पुन्हा लिहावा लागला.

एकत्रित पाहिलं तर बँक बरोबर होती आणि एकूण येणंही बरोबर होतं, कारण पैसे एका देणेदाराऐवजी दुसऱ्याच्या नावावर पडले होते इतकंच. शाखावार मात्र चित्र वेगळं होतं. नागपूरच्या पार्ट्यांच्या 121 पावत्या, 29,64,110 रुपयांच्या, चंद्रपूरच्या नावावर गेल्या होत्या. चंद्रपूरच्या 65 पावत्या, 12,53,250 रुपयांच्या, नागपूरच्या नावावर. एकूण 42,17,360. याचा अर्थ नागपूरचं येणं 17,10,860 रुपयांनी जास्त दिसत होतं आणि चंद्रपूरचं तेवढ्यानेच कमी. एकूण बेरीज तीच राहते म्हणून परिणाम नाही असं लिहिणं सरळ चुकीचं ठरलं असतं. तो आकडा चंद्रपूरच्या मॅनेजरने आपल्या वसुलीत धरला असता, तर प्रकरण इन्सेंटिव्हपर्यंत गेलं असतं.

मग एका कागदावर मी एवढंच लिहून काढलं: 30 ऑगस्टनंतर आमच्या ऑफिसातून आकडे असलेले कुठकुठले कागद बाहेर गेले? ऑगस्टचा जीएसटीआर-1 गेला होता, पण त्यात विक्रीची बिलं जातात. आपण बिलांना हात लावत नव्हतो, म्हणून तो सुटला. वसुलीचे सात स्मरणपत्र गेले होते, आणि ते पैसे भरून बसलेल्या पार्ट्यांना गेले होते. त्यांची यादी जोडली, म्हणजे दिलगिरीचा फोन कुणाला करायचा ते कळेल.

तिसरा कागद मी जवळजवळ विसरलो होतो: बँकेला दर महिन्याला जाणारं स्टॉक आणि येण्यांचं विवरण. खेळत्या भांडवलाच्या कर्जावर किती रक्कम उचलता येईल, म्हणजे ड्रॉइंग पॉवर, ते या विवरणावरून ठरतं. आमच्या बँकेच्या अटीप्रमाणे 90 दिवसांपेक्षा जुनं येणं त्यात धरत नाहीत, आणि उरलेल्यावर 25 टक्के मार्जिन कापतात. 30 ऑगस्टच्या 19 पावत्या चुकीच्या जुन्या बिलांवर बसल्यामुळे ती जुनी बिलं फिटलेली दिसत होती. दुरुस्तीनंतर 90 दिवसांवरचं येणं 2,86,400 रुपयांनी वाढणार होतं, म्हणजे ड्रॉइंग पॉवर 2,14,800 रुपयांनी कमी. विवरण 10 तारखेला बँकेत गेलेलं होतं. बँकेला सुधारित विवरण द्यायचं की पुढच्या महिन्यात आपोआप येऊ द्यायचं, हा निर्णय आयटीचा नाही. पण तो घ्यावा लागणार आहे ही माहिती मेलमध्ये असलीच पाहिजे.

याच 19 पावत्यांमुळे आणखी एक गोष्ट आली. ऑगस्ट महिना 5 सप्टेंबरला लॉक झाला होता. सिस्टीम बंद ठेवायची परवानगी आणि लॉक केलेल्या महिन्यात हात घालायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका वाक्यात दोन्ही गुंडाळू नका. फायनान्स हेड पहिलीला हो म्हणून दुसरीला नाही म्हणू शकते, तशी सोय तिला ठेवा.

किती वेळ मागायचा

रंगीत तालीम झाल्याशिवाय वेळ मागू नये. लाइव्ह डेटाची ताजी प्रत घ्यायची, त्याच तोडीच्या मशिनवर सगळा क्रम घड्याळ लावून चालवायचा. आमच्या तालमीत असं निघालं: सगळ्यांना बाहेर काढून इम्पोर्ट आणि वेळापत्रकातली कामं थांबवायला 15 मिनिटं, बॅकअपला 25, दुरुस्तीला जेमतेम 12, पण त्यानंतर पार्टीवार शिल्लक आणि बिलवार येणं पुन्हा मोजायला 38. मग आमची तपासणी 20 मिनिटं, अकाउंट्सची तपासणी 40, आणि सिस्टीम उघडायला 10. एकूण 2 तास 40 मिनिटं.

इतकाच वेळ मागणं ही नेहमीची चूक. काम फसलं तर बॅकअप परत चढवायला लागणारा वेळही त्याच खिडकीत बसला पाहिजे. आमच्याकडे तो 45 मिनिटं, आणि नंतर उघडायला 15. म्हणून मागितले साडेतीन तास, सकाळी 7 ते 10:30. काम सुरळीत झालं तर सिस्टीम 9:40 ला मिळेल, असंही लिहिलं. यातूनच निर्णयाची वेळ निघते. 10:30 ला काहीही करून सिस्टीम द्यायची असेल, तर 9:30 ला ठरवावं लागेल की पुढे जायचं की मागे फिरायचं. ती वेळ मेलमध्ये ठळक लिहा. नाहीतर रविवारी सकाळी साडेनऊला ‘मॅडम, अजून थोडा वेळ’ म्हणण्याची पाळी येते.

मागे फिरण्याबद्दल एक मर्यादाही सांगावी लागते. सिस्टीम बंद असेपर्यंत बॅकअप परत चढवला तर काहीच हरवत नाही. एकदा उघडली आणि पहिलं बिल फाटलं की बॅकअप चढवणं म्हणजे ते बिल गमावणं. त्यानंतर चूक सापडली, तर जुन्या-नव्या नोंदींच्या यादीवरून फक्त त्याच ओळी उलट फिरवायच्या, एवढाच मार्ग उरतो.

कुठला दिवस

आयटीची सवय मध्यरात्रीची. मला ती खतावणीच्या कामासाठी पटत नाही, कारण तपासणारा अकाउंट्सचा माणूस त्या वेळी ताजा नसतो आणि त्याच्या तपासणीशिवाय हे काम पूर्णच होत नाही. शिवाय आमच्या वाडीच्या गोदामात रात्री ट्रक भरतात. बिल आणि त्याचा ई-इन्व्हॉइस नंबर, म्हणजे आयआरएन, ईआरपीतूनच निघतात, म्हणजे सिस्टीम बंद तर गाडी उभी.

मग कॅलेंडर मांडलं. 11 तारीख जीएसटीआर-1 ची, गेली. 15 ला आगाऊ कराचा हप्ता, त्याचा अंदाज आमच्या फायनान्स हेड मॅडम रविवारी दुपारी बसून काढतात हे मला माहीत होतं. 20 ला जीएसटीआर-3बी. आणि त्या वर्षी 22 सप्टेंबरपासून जीएसटीचे नवे दर लागू होणार होते. सिमेंट 28 वरून 18 टक्क्यांवर येणार, म्हणजे दराचं मास्टर, जुना स्टॉक, किंमत यादी, सगळंच हलणार. त्या आठवड्यात कुणी आमच्याकडे बघितलंही नसतं. पितृपक्ष चालू असल्याने बाजार थंड होता, ही जमेची बाजू. नवरात्र लागलं की ती संपते.

म्हणून दोन पर्याय दिले: रविवार 14 सप्टेंबरची सकाळ, किंवा बुधवार 17 ची रात्र. दोनच. पाच पर्याय दिले की निवडण्याचं काम आपण तिच्यावर ढकलतो, आणि एकच दिला की हुकूम सोडल्यासारखं होतं.

आता मेल

शुक्रवारी 12 तारखेला सकाळी 11 वाजता पाठवला. आदल्या दिवशी जीएसटीआर-1 ची गडबड होती, त्यात हा मेल बुडाला असता. विषयाच्या ओळीत मागणी, दिवस, वेळ. पहिल्या परिच्छेदात निर्णय काय हवा आणि कधीपर्यंत. कारण त्यानंतर. जसाच्या तसा देतो, फक्त कंपनीचं नाव वगळून.

> विषय: परवानगी हवी – रविवार 14 सप्टेंबर, सकाळी 7 ते 10:30 अकाउंट्स व बिलिंग बंद (186 जमा पावत्यांची दुरुस्ती)
>
> मॅडम, नमस्कार.
>
> आपल्याकडून तीन गोष्टींवर आज संध्याकाळी 5 पर्यंत होकार किंवा नकार हवा आहे:
> (1) रविवारी सकाळी 7 ते 10:30 ईआरपी पूर्ण बंद ठेवणे,
> (2) लॉक केलेल्या ऑगस्ट महिन्यातील 19 पावत्यांमध्ये बदल करणे,
> (3) आजपासून रविवारपर्यंत सोबतच्या यादीतील पावत्या कुणीही हाताने दुरुस्त न करणे.
>
> काय झाले: 30 ऑगस्ट ते 9 सप्टेंबर या काळात बँक इम्पोर्टने 186 पावत्या चुकीच्या पार्टीच्या बिलावर लावल्या. एकूण रक्कम रु. 42,17,360. चूक आम्ही केलेल्या सेटिंगमधली होती. ती 9 तारखेला दुरुस्त केली आहे, त्यानंतर नवीन चूक झालेली नाही.
>
> काय बदलेल: पार्टीवार शिल्लक, बिलवार येणे, आणि शाखावार येणे. नागपूरचे येणे रु. 17,10,860 ने कमी होईल, चंद्रपूरचे तेवढ्यानेच वाढेल.
> काय बदलणार नाही: बँक खाते, एकूण येणे, विक्रीची बिले, जीएसटीआर-1, पावत्यांचे नंबर आणि तारखा.
>
> बाहेर गेलेले आकडे: 10 तारखेला बँकेला दिलेल्या ऑगस्टच्या विवरणात 90 दिवसांवरील येणे रु. 2,86,400 ने कमी दाखवले गेले आहे. याबाबत काय करायचे ते आपण ठरवावे. सात पार्ट्यांना चुकीची स्मरणपत्रे गेली आहेत, यादी जोडली आहे.
>
> दुसरा मार्ग: सर्व पावत्या स्क्रीनवरून रद्द करून पुन्हा टाकता येतील. सुमारे साडेपंधरा तास लागतील, पावती नंबर बदलतील आणि बँक रिकन्सिलिएशन पुन्हा करावे लागेल. सिस्टीम बंद ठेवावी लागणार नाही. माझी शिफारस डेटाबेसमधून दुरुस्तीची आहे.
>
> वेळ: तालमीप्रमाणे सिस्टीम 9:40 ला मिळेल. 9:30 पर्यंत तपासणी जुळली नाही तर आम्ही बॅकअप परत चढवू आणि 10:30 ला सिस्टीम आजच्या स्थितीत परत देऊ. रविवार सोयीचा नसेल तर बुधवार 17, रात्री 9:30 ते 1.
>
> तपासणी: 8:50 ते 9:30 अकाउंट्समधील एक व्यक्ती हवी. आपण निवडलेल्या कोणत्याही 20 पावत्या ती व्यक्ती बँक स्टेटमेंटशी ताडून बघेल. आकडे जुळल्याचे तिने कळवल्याशिवाय सिस्टीम उघडणार नाही.
>
> नोंद: प्रत्येक ओळीची जुनी व नवी पार्टी, जुने व नवे बिल, वेळ आणि करणाऱ्याचे नाव स्वतंत्र तक्त्यात राहील. तो तक्ता ऑडिटरना दाखवण्यासाठी आपल्याकडे देऊ.
>
> काय राहील: आणखी 6 पावत्यांचे खरे बिल नॅरेशनवरून ठरत नाही. त्यांना हात लावलेला नाही. अकाउंट्सने ठरवल्यावर त्या स्क्रीनवरून दुरुस्त कराव्या लागतील.
>
> थांबलो तर: सध्या 11 पार्ट्यांचा माल क्रेडिट लिमिटमुळे अडतो आणि प्रत्येक वेळी आपल्याला हाताने मंजुरी द्यावी लागते. ते दुरुस्ती होईपर्यंत चालू राहील.

यात काही गोष्टी मुद्दाम तशा आहेत. चूक आमची होती, हे एका वाक्यात आहे. त्यापुढे ना सफाई आहे ना लांबलचक माफी, कारण तिला तो परिच्छेद ओलांडून आकड्यांपर्यंत जायचं असतं. ‘कोणताही धोका नाही’ असं कुठेही नाही. त्याऐवजी जुळलं नाही तर काय करू, हे वेळेसकट आहे. तपासायच्या पावत्या ती निवडणार, आम्ही नाही. आम्ही निवडलेल्या वीस पावत्या जुळल्या, याला तपासणी म्हणता येत नाही.

मालकांना किंवा ऑडिटरला स्वतःहून प्रतीत घालू नका. मालकांना घातलं तर तो दबाव वाटतो, आणि ऑडिटरला कधी, कसं सांगायचं हे ठरवणं फायनान्सचं काम आहे. मेल गेल्यावर व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकली, ‘मॅडम, रविवारच्या कामाचा मेल पाठवलाय, 5 पर्यंत उत्तर हवं होतं.’ त्यांनी तिथेच अंगठा दाखवला. मी विनंती केली की मेललाच उत्तर द्यावं. पुढे वर्षअखेरीला ऑडिटर हा कागद मागतो, तेव्हा व्हॉट्सॲपवरचा अंगठा शोधत बसायला नको. साडेचारला उत्तर आलं: तिन्हीला होकार, बँकेचं विवरण त्या सोमवारी बघणार.

रविवारी काय घडलं

मेलमधल्या तिसऱ्या मागणीचं मोल रविवारी कळलं. चुकीच्या ओळी एकूण 231 होत्या: 186 पावत्यांच्या मुख्य ओळी आणि 45 ऑन अकाउंटच्या. दुरुस्तीची आज्ञा अशी लिहिली होती की ओळीवर आजही तीच चुकीची पार्टी आणि तेच चुकीचं बिल असेल तरच ती बदलेल:

```sql
BEGIN;
UPDATE receipt_alloc a
SET    party_id = f.new_party,
       bill_id  = f.new_bill
FROM   fix_0914 f
WHERE  a.line_id  = f.line_id
  AND  a.party_id = f.old_party
  AND  a.bill_id IS NOT DISTINCT FROM f.old_bill;
```

शेवटची अट अशी लिहिण्याचं कारण, ऑन अकाउंटच्या ओळीवर बिलच नसतं. साध्या `=` ने त्या 45 ओळी गुपचूप सुटल्या असत्या.

पडद्यावर यायला हवं होतं `UPDATE 231`. आलं `UPDATE 229`. तिथेच `ROLLBACK` केलं आणि मॅडमना फोन लावला. शोधल्यावर कळलं की चंद्रपूरच्या शाखेत शनिवारी 38,500 रुपयांची एक पावती हाताने सुधारली गेली होती. तिच्याच दोन ओळी. मॅडमनी मनाई वर्धमाननगरच्या टीमला सांगितली होती, चंद्रपूरपर्यंत ती पोचली नव्हती. तिथल्या भाऊंनी फोनवर सांगितलं, ‘पार्टी सकाळपासून फोन करून राहिली होती, म्हणून मीच नीट करून टाकलं.’ त्यांची दुरुस्ती बरोबरच होती. चूक माझ्या मागणीत होती: पावत्या टाकणारे हात कुठकुठे आहेत, त्यांची नावं मी मेलमध्ये द्यायला हवी होती. आता देतो.

ती पावती यादीतून काढली, म्हणजे 185 पावत्या आणि 229 ओळी. शाखांमधला अपेक्षित फरकही 17,10,860 ऐवजी 16,72,360 झाला. हा नवा आकडा दुरुस्ती चालवण्याआधी मॅडमना मेलवर पाठवला. नंतर पाठवला असता, तर आलेल्या उत्तराला साजेसा आकडा आम्ही शोधला असं कुणीही म्हणू शकलं असतं, आणि ते खोडून काढायला आमच्याकडे काही नसतं. या सगळ्यात 25 मिनिटं गेली. तपासणी आता 9:55 ला संपणार होती, म्हणजे फसलं तर सिस्टीम 10:55 ला. अजून काहीच कायम केलेलं नव्हतं, तेव्हाच हे त्यांना सांगितलं. त्यांनी 11 पर्यंतची मुभा दिली.

वीसच्या वीस पावत्या बँकेशी जुळल्या, शाखांचा फरक 16,72,360 आला, एकूण येणं आणि बँक सकाळी 7:15 ला नोंदवलेल्या आकड्यांशी पैशापर्यंत तेच राहिलं. 10:05 ला सिस्टीम उघडली.

काम झाल्यावरचा मेल

हा त्याच मेलच्या धाग्यात, उत्तर म्हणून जावा. छोटा असला तरी चालेल, पण मागताना दिलेला प्रत्येक आकडा त्यात प्रत्यक्ष आकड्याच्या शेजारी दिसला पाहिजे. आमच्या मेलमध्ये होतं: ओळी 231 ऐवजी 229, कारण काय, शाखांमधला फरक किती ठरला होता आणि किती आला, सिस्टीम 9:40 ऐवजी 10:05 ला का, ऑगस्टचं लॉक 9:58 ला परत लावलं. जुन्या-नव्या नोंदींचा तक्ता आणि तपासणाऱ्या व्यक्तीची सही असलेला कागद सोबत जोडला. हिशेबाची पुस्तकं आणि त्यांचे आधार आठ वर्षं ठेवायचे असतात, म्हणून हा तक्ता माझ्या लॅपटॉपवर न राहता फायनान्सच्या फोल्डरमध्ये गेला.

उरलेल्या सहा पावत्यांसाठी सोमवारी अकाउंट्सने पार्ट्यांना फोन केले. पाचांची बिलं सापडली आणि स्क्रीनवरूनच लागली. सहाव्या पार्टीने दोन बिलांचे पैसे एकत्र भरून एकाच बिलाचा नंबर टाकला होता. ती पावती मॅडमनी लेखी पत्र येईपर्यंत ऑन अकाउंटच ठेवायला सांगितली.